अर्ध्या अंशाच्या उड्या

रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डावरच्या आरपी२०४० चिपमध्ये तापमानाचा सेन्सर आधीपासूनच असतो. बाहेरून काहीही जोडावं लागत नाही. मायक्रोपायथन चढवायचं, चार ओळी लिहायच्या, की आकडे दिसू लागतात:

```python
from machine import ADC
import time

sensor = ADC(4)

def vacha():
    v = sensor.read_u16() * 3.3 / 65535
    return 27 - (v - 0.706) / 0.001721
```

शेवटच्या ओळीतलं सूत्र चिपच्या माहितीपुस्तिकेतलं आहे. २७ अंश सेल्सिअसला सेन्सरचं व्होल्टेज साधारण ०.७०६ व्होल्ट असतं आणि तापमान एका अंशाने वाढलं की ते १.७२१ मिलिव्होल्टने उतरतं. बोर्ड टेबलावर शांत पडलेला असतो, खोलीत काही बदलत नसतं, तरी `print(round(vacha(), 2))` पुन्हा पुन्हा चालवलं की स्क्रीनवर असं काहीतरी येतं: 27.04, 27.51, 27.04, 27.98, 27.51, 26.58. बहुतेकांना इथे वाटतं की सेन्सर बिघडला. तो बिघडलेला नसतो. मात्र हे आकडे जरा निरखून पाहण्यासारखे आहेत. 27.04 आणि 27.51 यांच्या मधला एकही आकडा कधीच येत नाही.

याचं कारण व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या एडीसीत आहे. तो १२ बिटांचा आहे, म्हणजे शून्य ते ३.३ व्होल्ट या पट्ट्याचे तो ४०९६ भाग करतो. एक भाग सुमारे ०.८ मिलिव्होल्टचा. अंशामागे १.७२१ मिलिव्होल्ट हे प्रमाण धरलं तर एक भाग जवळपास ०.४७ अंशाएवढा होतो. `read_u16` ६५५३५ पर्यंतचे आकडे देतं म्हणून सोळा बिटांची अचूकता मिळाल्यासारखं वाटतं, पण तो बाराच बिटांचा आकडा ताणून मोठा केलेला असतो. दशांशचिन्हापुढचे दोन आकडे सूत्रातून निघालेले आहेत, सेन्सरला तेवढं बारीक दिसत नाही.

मग खरं तापमान २७.३ असेल तर ते कळणार कसं? इथे गोंगाट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सवाले ज्याला नॉइज म्हणतात तो, चक्क मदतीला येतो. व्होल्टेज सतत थोडंसं थरथरत असल्यामुळे एडीसी कधी खालच्या पायरीवर उतरतो, कधी वरच्या. खरं तापमान ज्या पायरीच्या जवळ, ती पायरी जास्त वेळा येते. समजा दहा रीडिंगांपैकी चार 27.04 आली आणि सहा 27.51, तर सरासरी 27.32 निघते. दोन पायऱ्यांच्या मधला, एकट्या रीडिंगमध्ये कधीच न दिसणारा आकडा असा हाती येतो. गोंगाट अजिबात नसता तर हजार वेळा वाचूनही हजार वेळा 27.51 आलं असतं आणि सरासरीही तीच निघाली असती. सरासरीचा एक हिशेब मात्र लक्षात ठेवावा: थरथर रीडिंगांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. सोळा रीडिंगांनी ती चौथाईवर येते, आणखी निम्मी करायची तर चौसष्ट लागतात. त्यामुळे आकडा वाढवत नेण्यात लवकरच अर्थ उरत नाही.

थरथरीपेक्षा वेगळा त्रास म्हणजे अचानक येणारं एखादं भलतंच रीडिंग. बाहेरून जोडल्या जाणाऱ्या डीएस१८बी२० या लोकप्रिय सेन्सरचं ८५ अंश हे त्याचं ठरलेलं उदाहरण. वीज मिळताच त्याच्या रजिस्टरमध्ये हा आकडा बसतो आणि पहिलं मापन पूर्ण व्हायच्या आत वाचलं तर तोच हाती येतो. २७ अंशांच्या वीस रीडिंगांत असं एक शिरलं की साधी सरासरी जवळपास तीन अंशांनी वर जाते. यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे रीडिंगं चढत्या क्रमाने लावून मधलं उचलणं. डीएस१८बी२०साठी तो उत्तम आहे, कारण त्याच्या पायऱ्या मुळातच बारीक, एक षोडशांश अंशाच्या असतात. पिकोच्या आतल्या सेन्सरवर मात्र तो महागात पडतो. मधलं रीडिंग हे कुठल्यातरी एका पायरीवरचंच असणार, त्यामुळे गोंगाटाच्या मदतीने मिळवलेला 27.32 पुन्हा 27.51 होतो. म्हणून मला मधला मार्ग बरा वाटतो: दोन्ही टोकांची दोन-दोन रीडिंगं टाकून द्यायची आणि उरलेल्यांची सरासरी काढायची.

```python
def sarasari():
    r = sorted(vacha() for _ in range(20))
    return sum(r[2:-2]) / 16

t = sarasari()
while True:
    t += 0.1 * (sarasari() - t)
    print(round(t, 2))
    time.sleep(1)
```

खालच्या भागातली `t += 0.1 * ...` ही ओळ दुसरी चाळणी आहे. नवं रीडिंग जुन्या आकड्यापेक्षा जितकं वेगळं, त्या फरकाचा फक्त एक दशांश भाग ती स्वीकारते. मागच्या रीडिंगांची यादी सांभाळावी लागत नाही, एकटा `t` पुरतो, आणि चिपची सगळी रॅम मिळून २६४ किलोबाइट असताना ही सोय छोटी नाही. सुरुवात शून्यापासून न करता पहिल्याच सरासरीपासून केली आहे हेही पाहा. तसं केलं नाही तर आकडा शून्यापासून रखडत वर चढतो आणि पहिलं अर्धं मिनिट वाया जातं.

या गुळगुळीतपणाची किंमत उशिराने मोजावी लागते. तापमान एकदम बदललं तर दर सेकंदाला उरलेल्या अंतराच्या नव्वद टक्के अंतर तसंच राहतं, त्यामुळे बदलाचा नव्वद टक्के भाग दिसायला सुमारे बावीस सेकंद जातात. ०.१ ऐवजी ०.०२ ठेवलं तर जवळपास दोन मिनिटं. आपल्याला किती उशीर चालेल हे बोटाने तपासता येतं. चिपवर बोट टेकवा आणि `sarasari()` व `t` हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा. पहिला लगेच चढू लागेल, दुसरा मागून येईल. खोलीचं तापमान नोंदवायचं असेल तर हा उशीर जाणवतही नाही, पण पंखा किंवा हीटर चालू-बंद करायचा असेल तर तोच उशीर तापमानाला हव्या त्या आकड्याच्या वर-खाली झोके घ्यायला लावतो.

एक चूक मात्र यातली कुठलीही चाळणी पकडत नाही. एडीसी सगळं मोजतो ते संदर्भ व्होल्टेजच्या तुलनेत, आणि आपण ते बरोबर ३.३ धरलं आहे. ते एक टक्का जरी इकडेतिकडे असलं, तरी ०.७०६ व्होल्टवर सात मिलिव्होल्टचा फरक पडतो, म्हणजे तब्बल चार अंश. शिवाय हा सेन्सर खोलीचं नाही, चिपचं तापमान सांगतो, आणि काम करणारी चिप थोडी गरम असतेच. त्यामुळे स्क्रीनवर 31.26 हा आकडा दगडासारखा स्थिर असूनही चार अंशांनी चुकलेला असू शकतो. तेव्हा बोर्ड अर्धा तास चालू ठेवून शेजारी भरवशाचा थर्मामीटर ठेवावा आणि जो फरक येईल तो सूत्रातून वजा करावा. बोर्डाची वीज देण्याची पद्धत बदलली, म्हणजे यूएसबीऐवजी बॅटरी लावली, तर ही तुलना पुन्हा करावी.

राहिला प्रश्न थरथर फारच जास्त असेल तर काय करायचं. मूळ पिकोवर वीजपुरवठ्याचा भाग कमी भाराला वीज वाचवण्याच्या पद्धतीने चालतो आणि त्यात व्होल्टेज जास्त हेलकावतं. ही सवय एका ओळीत मोडता येते:

```python
from machine import Pin
Pin(23, Pin.OUT).value(1)
```

वीज थोडी जास्त खर्च होते. पिको डब्ल्यूवर मात्र २३ क्रमांकाच्या पिनकडे दुसरंच काम आहे, तिथे ही ओळ घालू नये.