गेस्टमधल्या जंबो फ्रेमचा गैरसमज

“गेस्टमध्ये एमटीयू ९००० केला की स्पीड वाढतोच ना?”

नाही. एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा बाइटमधला कमाल आकार; गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, सोडून पुढे वाटेतला प्रत्येक टप्पाही तेवढा रुंद हवा. नागपुरात आमची अख्खी दुपार यातच गेली: दोन होस्टांवरचे गेस्ट आणि ब्रिज ९००० वर, मधला स्विच मात्र १५०० वरच. साधं पिंग चालायचं, टीसीपी जोडणी व्हायची, पण मोठी फाइल पाठवली की अडकायची. स्विच मोठी फ्रेम गुपचूप टाकून देतो, पाठवणाऱ्याला कळवत नाही. तपासायचं असं:

```
ping -M do -s 8972 10.0.0.12
```

त्यात हेडरचे २८ बाइट मिळवले की ९००० होतात. साधं पिंग येतं आणि हे येत नाही, म्हणजे वाट मध्येच अरुंद आहे.

गेस्टच्या नेटवर्क कार्डाच्या रांगा, म्हणजे मल्टिक्यू, वाढवूनही हा अडथळा हटत नाही. शिवाय एक टीसीपी जोडणी साधारणपणे एकाच रांगेतून जाते. लाभ दिसतो तो अनेक जोडण्या असतील तेव्हाच.