प्रॉम्प्टची टप्प्याटप्प्याने दुरुस्ती

भाषा-मॉडेलला दिलेल्या सूचनेला प्रॉम्प्ट म्हणतात. पहिले उत्तर मनासारखे आले नाही, तर त्यात नेमके काय बिघडले ते ठरवून प्रॉम्प्टमधली एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा उत्तर घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. चार गोष्टी एकदम बदलून उत्तर सुधारले, तर ते कशामुळे सुधारले हे कळत नाही आणि बिघडले तर कशामुळे हेही कळत नाही.

यवतमाळकडच्या एखाद्या गावातले उदाहरण घेऊ. पऱ्हाटी फुलावर आली आहे आणि गावातल्या शेतकरी गटाच्या व्हॉट्सॲपवर गुलाबी बोंडअळीबद्दल एक संदेश टाकायचा आहे. पहिला प्रॉम्प्ट साधा: ‘गुलाबी बोंडअळीबद्दल शेतकऱ्यांसाठी माहिती लिहा.’ उत्तर पानभर येते. सुरुवातीला कापसाचे महत्त्व, मग अळीचे जीवनचक्र, पुढे ‘योग्य ती काळजी घ्यावी’ आणि मध्येच कुठून आले ते न कळणारे औषधाचे प्रमाण. वावरात उद्या सकाळी काय पाहायचे, हे मात्र कुठेच नाही.

इथे दोष तीन आहेत: आकडे भरवशाचे नाहीत, मजकूर लांब आहे आणि भाषा पुस्तकी आहे. आधी आकडे हाताळावेत, कारण मजकुराचा गाभाच बदलला तर भाषेवर केलेली मेहनत वाया जाते. ‘अचूक माहिती द्या’ असे लिहून हा दोष जात नाही. मॉडेलसमोर खात्रीचा मजकूर नव्हता, हे त्याचे कारण. म्हणून बाकी प्रॉम्प्ट तसाच ठेवून कृषी खात्याच्या सल्ल्यातला उतारा त्यात चिकटवायचा आणि ‘फक्त यातलेच आकडे वापरा’ असे सांगायचे. उताऱ्यात समजा असे आहे: एकरी दोन कामगंध सापळे लावावेत, सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा फुलांचे वा हिरव्या बोंडांचे नुकसान 10 टक्क्यांवर गेले, तर फवारणीचा विचार करावा. आता उत्तरात हेच आकडे येतात. लांबी तेवढीच राहते, ती सध्या राहू द्यायची.

दुसऱ्या फेरीत फक्त लांबी. ‘थोडक्यात’ हा शब्द मोघम आहे, ‘पाच वाक्यांत’ हे मोजता येते. पाच वाक्ये येतात, पण ‘सलग तीन दिवस’ गळते. ही चूक साधी नाही: एका रात्री आठ पतंग दिसले की शेतकरी पंप काढेल. आकडे आधी बरोबर होते आणि बदलली फक्त लांबी, त्यामुळे दोष कुठून आला हे शोधावे लागत नाही. तिसऱ्या फेरीत एक ओळ वाढवायची: ‘आठ पतंग, सलग तीन दिवस आणि 10 टक्के हे गाळू नका.’

भाषेची पाळी त्यानंतर. ‘वऱ्हाडीत लिहा’ म्हटले की बहुधा अर्धे वाक्य प्रमाण मराठीत आणि अर्धे नाटकातल्या गावरान पात्राच्या तोंडचे येते. त्यापेक्षा वावर, पऱ्हाटी, डोमकळी असे गावात चालणारे शब्द आणि गटावर पूर्वी गेलेला एखादा चांगला संदेश नमुना म्हणून दिलेला बरा.

प्रत्येक फेरीसाठी नवी चॅट उघडून पूर्ण प्रॉम्प्ट पुन्हा द्यावा. जुन्याच चॅटमध्ये ‘आता लहान करा’ म्हटले, तर आधीची उत्तरेही मॉडेलसमोर असतात आणि त्यांचा प्रभाव पडतो. मग एकच गोष्ट बदलली असे म्हणता येत नाही. शिवाय तोच प्रॉम्प्ट दोनदा दिला तरी उत्तर हुबेहूब येत नाही, कारण पुढचा शब्द निवडताना बहुतेक वेळा थोडी यदृच्छा असते. म्हणून बदल लागू पडला की नुसता योग जुळला, हे ठरवण्याआधी तोच प्रॉम्प्ट दोन-तीनदा चालवून पाहणे आवश्यक असते. घाईत नेमकी हीच पायरी गळते.

काही दोष प्रॉम्प्टचे नसतातच. यंदा तालुक्यात पतंग किती सापडताहेत, हे शब्द कितीही फिरवले तरी मॉडेलला ठाऊक होत नाही. तिथे सापळा मोजून आकडा आणावा लागतो.

पद्धतीची दुसरी मर्यादा शेतीप्रयोगांतूनच पुढे आली आहे. एका वेळी एकच घटक बदलावा या आग्रहाला संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1926 मध्ये विरोध केला. घटक एकमेकांवर परिणाम करतात, त्यामुळे ते एकत्र बदलून तपासावेत, असे त्यांचे म्हणणे होते. प्रॉम्प्टमध्येही तसे घडते. लांबीची अट आणि नमुन्याचा संदेश वेगवेगळे दिले तर चालतात. पण नमुना दहा वाक्यांचा असेल तर मॉडेल पाच वाक्यांची अट मोडू शकते. असा संशय आला की चार प्रॉम्प्ट चालवावेत: दोन्ही अटींविना, फक्त लांबी, फक्त नमुना आणि दोन्ही एकत्र. चौथ्यातच बिघाड दिसला, तर नमुना कापून पाच वाक्यांचा करावा.