काचेच्या कर्टन वॉलवरचं प्रतिबिंब आणि आरपारपणा (वास्तू-चित्रणातलं वर्णन)

इमारत उभी राहायच्या आधी तिचा थ्रीडी व्ह्यू काढताना दर्शनी काच बाहेरचं किती परत फेकते आणि आतलं किती दिसू देते, हे प्रकाशाच्या नियमांना धरून सांगणं म्हणजे हे वर्णन. नागपुरात बोलताना कर्टन वॉल, स्ट्रक्चरल ग्लेझिंग आणि नुसतं ग्लेझिंग हे शब्द एकाच अर्थानं वापरतात, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याबाहेर पडद्यासारखी लटकवलेली काचेची दर्शनी भिंत, इथेही तसंच धरलंय.

पहिली काचेची कर्टन वॉल कोणती यावर एकमत नाही. लिव्हरपूलची ओरिएल चेंबर्स (१८६४), जर्मनीतल्या गिंगेनचा श्टाइफ कारखाना (१९०३) आणि सॅन फ्रान्सिस्कोची हॅलिडी बिल्डिंग (साधारण १९१७-१८) असे तीन दावे नेहमी पुढे येतात. प्रतिबिंबाच्या हिशोबानं पाहिलं तर हॅलिडी जवळची वाटते, कारण तिथे काच खांबांच्या पुढे सलग पडद्यासारखी लटकते आणि खांब काचेमागे दिसतात, आणि आजच्या चित्रकाराची अडचण नेमकी तीच आहे. प्रकाशाच्या नियमांना धरलेल्या अशा वर्णनासाठीची 'भौतिकदृष्ट्या संभाव्य' ही संज्ञा संगणकीय चित्रणात १९९३-९४ च्या सुमारास रॉबर्ट लुईस यांच्या लेखनातून रुळली असं दिसतं. तिच्या मुळाशी दोन अटी आहेत: पृष्ठभागावर पडला त्यापेक्षा जास्त प्रकाश बाहेर पडायला नको, आणि प्रकाशाची वाट उलटी केली तरी हिशोब तोच यायला हवा. काचेपुरतं बोलायचं तर परावर्तन, आरपार गेलेला आणि काचेत जिरलेला प्रकाश मिळून शंभर टक्केच. प्रतिबिंब ४० आणि पारदर्शकता ९० असे दोन स्लायडर वेगवेगळे ओढले की ती काच प्रकाश निर्माण करायला लागते, आणि व्ह्यू बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खोटं आहे हे जाणवतं.

किती परत फिरणार हे बघण्याच्या कोनावर ठरतं, आणि हा कोन काचेकडे अगदी समोरून बघण्याच्या रेषेपासून मोजतात. ऑग्युस्तँ फ्रेनेलची समीकरणं (१८२० च्या दशकाची सुरुवात) साध्या काचेला, म्हणजे अपवर्तनांक १.५ ला लावली तर समोरून बघताना एका पृष्ठभागावर ४ टक्के परत येतात. दुहेरी काचेच्या युनिटला चार पृष्ठभाग असतात, म्हणून तिथे समोरून सुमारे १४ टक्के, ६० अंशांवर २३ आणि ७५ अंशांवर निम्म्याच्या थोडं वर जातं (काचेत जिरणारा प्रकाश इथे सोडून दिलाय). कोटिंग असेल तर समोरूनच बराच जास्त आकडा येतो आणि तो काच बनवणाऱ्याच्या तक्त्यातूनच घ्यावा, अंदाजानं टाकू नये. बहुतेक सॉफ्टवेअर मात्र फ्रेनेल पूर्ण न सोडवता १९९४ चं श्लिक यांचं सोपं रूप वापरतात:

```
F = F0 + (1 - F0) * (1 - cosθ)^5
```

यात θ म्हणजे वरचाच कोन आणि F0 म्हणजे समोरून एका पृष्ठभागावर होणारं परावर्तन, काचेला 0.04. हे सूत्र ७५ अंशांवर जवळजवळ बरोबर येतं पण ६० वर एका पृष्ठभागाला ७ टक्के देतं, खरा आकडा ९ च्या आसपास आहे, आणि रस्त्यावरून वरचे मजले बघताना आपण नेमके त्याच कोनात असतो, त्यामुळे काचेसाठी पूर्ण समीकरण वापरणं बरं.

पण कोनाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाहेरचा उजेड आणि आतला उजेड यांचं प्रमाण, आणि सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. वर्धा रोडवर पश्चिमेकडे तोंड असलेली एक सात मजली इमारत धरा, समोर मेट्रोचा उड्डाणपूल, वेळ सकाळी अकरा. निळं आकाश सुमारे ४००० कँडेला प्रति चौरस मीटर धरलं तर ६० अंशांवर त्यातले ९०० परत येतात. आत ट्यूबलाइटखालची पांढरी भिंत जेमतेम ९०, काचेतून बाहेर येईपर्यंत ती ६० होते. पंधरापट फरक, म्हणजे वरच्या मजल्यांवर फक्त आकाश दिसणार. आता त्याच काचेवर जिथे पुलाच्या सावलीतल्या अंधाऱ्या खालच्या बाजूचं प्रतिबिंब पडतं तिथे परत येणारा उजेड २०-३० च असतो, आणि नेमका त्या काळ्या पट्ट्यातून आतलं टेबल, खुर्ची, छताचे दिवे दिसायला लागतात. दुकानाच्या काचेला कपाळ टेकवून दोन्ही हातांनी आडोसा केला की आतलं दिसतं, तीच ही गोष्ट. म्हणून पारदर्शकता संपूर्ण भिंतीला एकच देता येत नाही, प्रतिबिंबातल्या सावलीच्या आकारानं ती उघडते. सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासाच्या आत आकाश १०० कँडेलाच्या जवळ येतं, परत येणारे २३ उरतात आणि पारडं फिरतं. मग मजल्यांमधल्या स्लॅबसमोरचे अपारदर्शक पॅनेल, ज्यांना स्पॅन्ड्रल म्हणतात, काळे पट्टे होऊन उठून दिसतात. दिवसा ते बाकी काचेत मिसळून गेलेले असतात. संध्याकाळच्या व्ह्यूमध्ये स्पॅन्ड्रलही उजळलेले असतील तर मॉडेलमध्ये ते केलेलेच नाहीत असं समजावं.

प्रतिबिंबात काय दिसेल हे ठरवायला कॅमेरा भिंतीच्या मागे तेवढ्याच अंतरावर नेऊन तिथून रस्त्याकडे बघायचं. रस्त्यावरच्या माणसाला पुलाचा प्रतिबिंबातला भाग खालून दिसतो, वरचा डेक दिसत नाही. नुसतं एचडीआरआय आकाश, म्हणजे खऱ्या उजेडाच्या नोंदीसह काढलेला आकाशाचा फोटो, लावून समोरचं काहीच मॉडेल केलं नाही तर पुलाच्या जागी रिकामं आकाश येतं आणि तो काळा पट्टा उघडतच नाही.

शेवटची गोष्ट सपाटपणाची. सीलबंद दुहेरी युनिटमधली हवा तापली की फुगते आणि बाहेरची काच उशीसारखी पुढे येते, थंडीत आत बसते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, त्यामुळे किनाऱ्याजवळ सील केलेलं युनिट इथे मुळातच थोडं फुगलेलं असतं, त्यावर मे महिन्याची भर. दीड मीटर रुंद काच मध्यभागी २ मिलिमीटर पुढे आली तर कडेला उतार हजारात सुमारे ५ येतो, परावर्तित किरण त्याच्या दुप्पट वळतो, आणि ६० मीटरवरच्या खांबाच्या बाबतीत नजर साठ-पासष्ट सेंटिमीटर सरकते. म्हणून सरळ खांब प्रत्येक काचेत वेगळा वाकतो आणि जोडावर तुटतो. मॉडेलमध्ये हे आणायचं तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र हलका फुगवटा आणि जराशी तिरपी मांडणी द्यावी, पूर्ण भिंतीवर एकच नॉईज टेक्श्चर टाकलं तर लाट जोडावरून सलग वाहते आणि भिंत पाण्यासारखी दिसते. संध्याकाळी सूर्य या पश्चिम भिंतीवरून परावर्तित होऊन समोरच्या इमारतीवर पडतो तेव्हा आत बसलेली काच प्रकाश गोळा करते आणि फुगलेली पसरवते, म्हणून तिथले उजेडाचे ठिपके सपाट चौकोन नसतात, थंडीत चकचकीत रेघा-फुल्या उमटतात आणि उन्हाळ्यात मऊ, पसरट डाग.

धूळ हा या भागातला वेगळा विषय. पावसाआधी काचेवर बसलेला थर ऊन पडलं की स्वतःच फिका उजळतो आणि प्रतिबिंबातले काळे भाग राखाडी करतो, त्यामुळे वर सांगितलेली सावलीतली खिडकी बरीचशी बंद होते.