मॉक ड्रिलच्या चिठोऱ्यांवरून ट्रायाज तक्ता कसा भरायचा: कोण भरू शकतं, काय कागद लागतात, पूर्ण प्रक्रिया

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे हायवे आणि रेल्वे दोन्ही असल्यामुळे अपघाताच्या मॉक ड्रिल होत असतात, आणि ड्रिल संपल्यावर कुणाच्या तरी हातात चिठोऱ्यांचा गठ्ठा येतो की बाबा आता याचा ट्रायाज तक्ता कर, म्हणजे कोणता जखमी किती गंभीर आणि कोणाला आधी कुठे न्यायचं त्याचा. हे काम दिसतं सोपं पण आकडा चुकतो तो इथेच, म्हणून नीट लिहितोय.

आधी कोणी भरायचा ते. जो पेशंट तपासतोय त्याने तक्ता भरायचा नाही, त्याचे हात आणि डोकं दोन्ही तिकडे अडकलेलं असतं. तक्त्याला वेगळा नोंद करणारा माणूस लागतो, तो डॉक्टरच हवा असं नाही, नर्स, आरोग्यसेवक, तलाठी, एनएसएसचा कार्यकर्ता कुणीही चालेल, पण त्याला जखमींना लाल, पिवळा, हिरवा, काळा असे रंग देण्याच्या स्टार्ट पद्धतीचे प्रश्न माहीत हवेत आणि आपण कुणाचा रंग बदलायचा नाही हे पक्कं ठाऊक हवं. रंग ठरवणार आणि शेवटी सही करणार तो घटनास्थळावरचा वैद्यकीय अधिकारी.

कागदपत्रं म्हणाल तर प्रत्येक टीमची मूळ चिठोरी (फाटकी असली तरी तीच, फेअर कॉपी नाही), जखमींना बांधायच्या नंबर घातलेल्या टॅगच्या वाटपाची नोंद म्हणजे कुठल्या टीमला कुठून कुठपर्यंत नंबर दिले, न वापरलेले परत आलेले टॅग, ॲम्ब्युलन्सची निघाल्याची नोंद, आणि कोणतं हॉस्पिटल किती पेशंट घेणार ते कंट्रोल रूमने सांगितलेलं. तक्त्याचा नमुना मनाने आखू नका, तुमच्या जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात असेल तोच मागून घ्या, कारण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर असतात आणि शेवटी कागद तिकडेच जातो.

आता एक उदाहरण घेऊन बघू. समजा नशिराबाद ते भुसावळच्या मधे हायवेवर बस आणि ट्रकची धडक, असा ड्रिलचा प्रसंग आहे. पहिल्या टीमला १ ते २० टॅग दिले, दुसऱ्या टीमला २१ ते ४०, आणि चालत येणारे जिथे बसवले तिथल्या टीमला ४१ ते ५०. चिठोऱ्या आल्या त्या अशा:

पहिली टीम: लाल ३, पिवळे ४, हिरवे ५, काळा १
दुसरी टीम: लाल २, पिवळे ३, हिरवे ४, काळा १
हिरव्यांची जागा: ११ जण बसलेत

घाईत बेरीज मारली की १३ अधिक १० अधिक ११, झाले ३४. आणि हा ३४ आकडा हॉस्पिटलला कळवला की तिकडे नसलेल्या पेशंटसाठी खाटा अडवल्या जातात. खरं काय झालंय, तर दोन्ही टीमचे ९ हिरवे चालत जाऊन त्या जागेवर बसले आणि तिथे परत मोजले गेले, नवीन फक्त दोघं, जे टॅग न घेता आपलेआपण आले आणि ४१, ४२ नंबर मिळाले. म्हणून रेघा मोजायच्याच नाहीत, टॅग नंबर मोजायचे. एक नंबर म्हणजे एक माणूस.

पडताळा पण टॅगनेच करायचा. वाटले ५०, परत आले पहिल्या टीमकडून ७, दुसरीकडून १०, तिसरीकडून ८, म्हणजे २५. वापरले २५. चिठोरीवरचे वेगळे नंबर मोजले तर १३ अधिक १० अधिक २, तेही २५. जुळलं. जुळलं नाही तर पुढे जायचंच नाही, आधी तो हरवलेला नंबर शोधायचा. एक गोष्ट इथे नक्की विचारा, कुणाचा टॅग बदलला का? खालच्या रंगीत पट्ट्या फाडायच्या टॅगमध्ये पेशंट बिघडला तर अजून एक पट्टी फाडता येते, पण सुधारला तर फाडलेली पट्टी परत जोडता येत नाही, नवा टॅग द्यावा लागतो, आणि जुना नंबर ‘रद्द’ लिहिला नाही की एकच माणूस दोनदा.

मग रंग तपासायचे. स्टार्टमध्ये मोठ्या माणसासाठी हिशोब असा: चालतोय तो हिरवा, श्वासाची वाट मोकळी करूनही श्वास नाही तो काळा, वाट मोकळी केल्यावर श्वास आला तर लाल, श्वास मिनिटाला ३० च्या वर तर लाल, मनगटाची नाडी लागत नाही तर लाल, साधं सांगितलेलं ऐकत नाही तर लाल, यातलं काही नाही पण चालता येत नाही तो पिवळा. आता पहिल्या टीमच्या चिठोरीवर ७ नंबरसमोर लिहिलंय ‘पोऱ्या, श्वास ३४, बोलतो’ आणि खूण पिवळ्यात. मोठा माणूस असेल तर ३४ म्हणजे सरळ लाल. पण आपल्याकडे पोऱ्या पाच वर्षाचा पण असतो आणि कॉलेजचा पण, आणि लहान मुलांच्या जम्पस्टार्ट पद्धतीत, जी साधारण १ ते ८ वर्षांसाठी आहे, श्वासाची हद्द १५ ते ४५ आहे, त्यात ३४ बसतो. म्हणून स्वतः रंग बदलायचा नाही, समोर ‘वय?’ लिहून टीमलीडरला विचारायचं. इथे कळलं की तो एकोणीस वर्षाचा आहे, वैद्यकीय अधिकाऱ्याने लाल करून सही केली. दुसरा बदल २४ नंबरचा, तो हिरवा म्हणून बसला होता, नंतर उलटी झाली आणि बोलावलं तर ऐकेना, परत तपासून लाल झाला. जुना रंग खोडरबरने पुसू नका, एक आडवी रेघ मारून बाजूला नवा रंग आणि वेळ लिहा, कोण केव्हा बिघडलं हे ड्रिलनंतर तिथूनच कळतं.

शेवटचा आकडा झाला लाल ७, पिवळे ६, हिरवे १०, काळे २, एकूण २५. रंग बदलले तरी एकूण हलत नाही, हलला तर कुठेतरी माणूस सांडलाय.

आता नेण्याचा क्रम. इथे बरेच जण टॅग नंबरच्या क्रमाने लिहून मोकळे होतात, ते चूक आहे. लालमध्ये सुद्धा ज्याचं जागेवर काहीच करता येत नाही तो आधी जातो, आणि हा क्रम पण वैद्यकीय अधिकारी सांगणार, आपण लिहिणार. ३ नंबरचं पोट ताठ, मनगटाची नाडी लागत नाही, आतला रक्तस्राव रस्त्यावर थांबत नाही म्हणून तो पहिला. ९ नंबरच्या मांडीतून रक्त जात होतं पण आवळपट्टा बांधून थांबलंय, तो लाल असूनही मागे थांबू शकतो, मात्र पट्टा किती वाजता बांधला ती वेळ तक्त्यात हवीच, नाहीतर हॉस्पिटलवाल्यांना अंदाज लागत नाही. २२ ला वाट मोकळी केल्यावर श्वास आला, तो दुसरा. डोक्याचे दोन, २४ आणि २८, त्यांना सीटी स्कॅन लागणार म्हणून जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजला. समजा जळगावने लाल ४ घेतो म्हटलं आणि भुसावळच्या हॉस्पिटलने २, तर जळगाव ३, २२, २४, २८ ने भरलं, श्वास वाढलेले ७ आणि १२ भुसावळला, आणि उरला ९. त्याच्यासमोर ‘जागा विचारली’ आणि वेळ लिहून कंट्रोल रूमला फोन, रिकामं सोडायचं नाही आणि भरलेल्या हॉस्पिटलचं नाव तर अजिबात टाकायचं नाही.

पिवळे लाल संपल्यावर. हिरवे एसटीने एकत्र, मुद्दाम थोड्या लांबच्या ग्रामीण रुग्णालयात, कारण त्यांना मोकळं सोडलं की ते रिक्षाने, मोटरसायकलवर जवळच्याच हॉस्पिटलात पोचतात आणि लाल पेशंट येईपर्यंत कॅज्युअल्टी भरून जाते. काळे नेण्याच्या क्रमात येत नाहीत, त्यांची ओळ वेगळी, आणि मृत घोषित करणं डॉक्टरचंच काम, तक्त्यात ‘मृत’ लिहू नका, ‘काळा’ लिहा.

प्रत्येक ओळीत टॅग नंबर, रंग, एका ओळीत काय झालंय, कुठे, कोणती गाडी, आणि निघाल्याची वेळ, ठरल्याची नाही. चौकटीत वेळ गाडी हलल्यावरच पडते, तोवर कोरी. सहीनंतर एक प्रत घटनास्थळ प्रमुखाला, एक कलेक्टर ऑफिसच्या कंट्रोल रूमला, एक जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, आणि मूळ चिठोऱ्या स्टेपल करून पहिल्या प्रतीच्या मागे लावा, पेन्सिलने लिहिलेल्या असतील तर त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवा कारण घामाने आणि पावसाने पेन्सिल पुसट होते.