सुधारित चित्रफितीचे एक्सपोर्ट : बिटरेट आणि कोडेक

धूसर किंवा जुन्या चित्रफितीचा आकार वाढवून तिच्यातील कडा व पोत ठळक केल्यानंतर अंतिम फाइल तयार करताना तो रेखीवपणा टिकावा, यासाठी करावयाची कोडेक म्हणजे चित्र दाबून साठवण्याची पद्धत व बिटरेट म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारे बिट यांची निवड.

रेखीवपणा नेमका कोठे गळतो हे कोडेकच्या रचनेतून कळते. प्रचलित कोडेक चित्राचे लहान चौकोन करून प्रत्येकाचे वारंवारतांत रूपांतर करतात. या रूपांतराचे मूळ सामान्यतः डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्ममध्ये मानले जाते. नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांचा त्यावरील निबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. कल्पना त्याच्या एक-दोन वर्षे आधीची असावी. २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या एच.२६४ या कोडेकमध्ये मात्र त्याचे पूर्णांकी, सोपे केलेले रूप आहे, म्हणून तो त्याचा वंशज म्हणणे अधिक योग्य. रूपांतरानंतर क्वांटायझेशन होते, म्हणजे मिळालेले सहगुणक ढोबळ आकड्यांत बसवले जातात, आणि बिट कमी पडले की सूक्ष्म तपशिलाचे सहगुणक आधी शून्य होतात. केसांची, जरीकाठाची, दूरच्या पाटीवरील अक्षरांची धार याच सहगुणकांत असते. सुधारणेने जे मिळवले, तेच पहिले जाते.

उदाहरण घेऊ. गिरगाव चौपाटीवरील विसर्जनाची २००० च्या सुमाराची मिनी-डीव्ही कॅसेट आहे : ७२० × ५७६, सेकंदाला २५ इंटरलेस्ड फ्रेम, सुमारे २५ मेगाबिट. डीइंटरलेस करून ती १४४० × १०८०, सेकंदाला ५० फ्रेम अशी केली, तर दर सेकंदाचे पिक्सेल साडेसात पट होतात. एडिटिंग सॉफ्टवेअरमधील तयार पर्याय घेऊन ८ मेगाबिटवर एक्सपोर्ट केल्यास एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी २० किलोबाइट येतात. कॅसेटवर तेच १२५ होते. ही तुलना सरळ नाही, कारण डीव्ही प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवते, तर एच.२६४ शेजारच्या फ्रेममधून उसने घेते. पण उधळलेला गुलाल, लाटा आणि नाचणारी गर्दी यांत उसने घेण्याजोगे फार थोडे सापडते. स्थिर मूर्तीचा मुकुट शाबूत राहतो आणि गर्दीतले चेहरे मेणासारखे होतात, ते यामुळेच.

म्हणून बिटरेट आधी ठरवण्याऐवजी दर्जा ठरवावा, हे मत येथे ग्राह्य धरले आहे. एक्स२६४ या एच.२६४ च्या एन्कोडरमध्ये त्यासाठी सीआरएफ हा दर्जाचा आकडा आहे : आकडा लहान तितका दर्जा वरचा, पूर्वनियोजित मूल्य २३, आणि साधारण ६ ने उतरले की फाइल दुप्पट होते. सुधारित चित्रासाठी १६ ते १८ पासून सुरुवात करावी. फाइलचा आकार बांधलेला असेल, तर दोन फेऱ्यांचे एन्कोडिंग त्याच आकारात जवळपास तोच दर्जा देते.

```
ffmpeg -i master.mov -c:v libx264 -preset slow \
  -crf 16 -tune film -pix_fmt yuv420p \
  -c:a aac -b:a 192k out.mp4
```

यातील `film` डीब्लॉकिंग गाळणी थोडी सौम्य करते. ही गाळणी चौकोनांच्या सीमा पुसताना खऱ्या कडाही पुसते. `master.mov` प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा तत्सम असावी. सुधारणेच्या सॉफ्टवेअरमधूनच एच.२६४ काढून ते पुन्हा एन्कोड केल्यास नुकसान दोनदा होते.

गुणमापनाबाबत एकमत नाही. पीएसएनआर हे गणिती माप गुळगुळीत चित्राला झुकते गुण देते, त्यामुळे पोत राखणारी एक्स२६४ ची सायको-आरडी ही सोय त्याला दोषास्पद दिसते. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुला केलेला व्हीमॅफ डोळ्याच्या अधिक जवळ मानला जातो. पण नुसत्या कडा ठळक केल्यानेही त्याचे गुण वाढतात, आणि म्हणून त्याची ‘नेग’ ही आवृत्ती पुढे काढावी लागली. कोणतेही माप वापरले तरी तुलना सुधारित मास्टरशी करावी, मूळ कॅसेटशी नव्हे.

डोळ्याने पारखायचे तर सर्वांत गर्दीचे वीसेक सेकंद एन्कोड करून १०० टक्के आकारात पाहावेत. कीफ्रेमवर थांबून पाहणे फसवे असते, कारण स्वतंत्र साठवलेल्या या फ्रेमला बिट सढळ मिळतात. दोन कीफ्रेमच्या मधली फ्रेम घ्यावी. चालत्या चित्रात ठराविक अंतराने रेखीवपणा उसळून पुन्हा मावळत असेल (वरील आदेशात पूर्वनियोजित २५० फ्रेम, म्हणजे जास्तीत जास्त ५ सेकंदांनी), तर बिट अपुरे आहेत. गुलालाच्या लाल कडा पसरलेल्या दिसणे मात्र वेगळे : पाल डीव्हीतच रंगाचे नमुने प्रकाशमानतेच्या एक-चतुर्थांश असतात, तेथे बिटरेटचा इलाज नाही.

एच.२६५ (२०१३) व एव्ही१ (२०१८) कमी बिटांत तोच दर्जा देतात. जुने टीव्ही व मंडपातील प्लेअर ते चालवतीलच असे नाही.

यूट्यूबवर फाइल पुन्हा एन्कोड होते. १०८०, ५० फ्रेमसाठी तेथील शिफारस १२ मेगाबिटची आहे, परंतु त्याहून भरदार फाइल देणे हिताचे. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवल्यास तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास जसाच्या तसा पोहोचतो. तेथे २ जीबीची मर्यादा असल्याने २५ मेगाबिटची दहा मिनिटे जेमतेम बसतात.