फ्लॅशबल्ब स्मृती

एखादी धक्कादायक सार्वजनिक बातमी कळली त्या क्षणी आपण कुठे होतो, काय करत होतो आणि ती कोणी सांगितली, याची वर्षानुवर्षे लख्ख राहणारी आठवण. ही संज्ञा रॉजर ब्राऊन आणि जेम्स कुलिक या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये केनेडी-हत्येच्या आठवणींचा अभ्यास करताना रूढ केली. अंधारात फ्लॅशचा दिवा उडावा आणि समोरचे सारे फोटोत उमटावे, तसा मेंदू तो क्षण टिपून ठेवतो, अशी त्यांची कल्पना होती. मात्र त्यांनी आठवणी विचारल्या त्या घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी, त्यामुळे त्या खऱ्या की खोट्या हे पडताळायला काहीच हाताशी नव्हते.

ती उणीव उल्रिक नाइसर आणि निकोल हार्श यांनी भरून काढली. 28 जानेवारी 1986 रोजी ‘चॅलेंजर’ अंतराळयानाचा स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी अमेरिकेतील एमरी विद्यापीठातल्या 106 विद्यार्थ्यांकडून बातमी कशी कळली हे लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी 44 जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून 7 पैकी गुण दिले. सरासरी 3 च्याही खाली आली. 11 जणांना तर शून्य मिळाले. तरीही स्वतःच्या आठवणीबद्दलची खात्री सरासरीने 5 पैकी 4 हून अधिक होती.

एका विद्यार्थिनीने आधी लिहिले होते की धर्मविषयक तासाला वर्गात आलेल्या मुलांच्या बोलण्यातून तिला हे कळले आणि तास संपल्यावर तिने खोलीवर जाऊन टीव्ही पाहिला. नंतर तिला आठवत होते ते असे : वसतिगृहात मैत्रिणीबरोबर टीव्ही पाहत असताना अचानक बातमी झळकली. यातला टीव्ही मनाने रचलेला नव्हता. तो तिने खरोखरच पाहिला होता, फक्त नंतर. अशी बातमी एकाच दिवसात अनेकदा, अनेकांकडून कळते. त्यातले सर्वांत ठसठशीत दृश्य पुढे ‘पहिल्या क्षणा’ची जागा घेते. प्रत्येक वेळी सांगताना तीच हकीकत घोटली जाते, आणि सहज आठवते म्हणून ती खरीही वाटते. या अभ्यासात सर्वांत विलक्षण वाटते ते पुढचे. विद्यार्थ्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातले जुने कागद दाखवले, तरी मूळ आठवण परतली नाही.

मग ही स्मृती इतर आठवणींहून वेगळी कशात? जेनिफर टालारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी 12 सप्टेंबर 2001 रोजी ड्यूक विद्यापीठातील 54 विद्यार्थ्यांकडून आदल्या दिवशीच्या हल्ल्यांची आठवण लिहून घेतली आणि सोबत त्याच सुमाराची एक साधी, रोजच्या जीवनातली आठवणही. पुढच्या 32 आठवड्यांत दोन्हींतली विसंगती सारख्याच गतीने वाढली. साधी आठवण फिकी होत गेली व तिच्यावरचा विश्वासही उतरला, हल्ल्याच्या आठवणीचा जिवंतपणा आणि खात्री मात्र टिकून राहिली.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. तिच्यातून सुसंगती मोजली जाते, सत्य नव्हे, कारण पहिल्या दिवशीचे लेखनही चुकलेले असू शकते. शिवाय ज्यांनी घटना स्वतः भोगली, त्यांची स्मृती बरीच भरवशाची ठरते. 1989 च्या लोमा प्रिएटा भूकंपानंतर, तो अनुभवलेल्या कॅलिफोर्नियातील लोकांच्या आठवणी सुमारे दीड वर्षाने जवळजवळ जशाच्या तशा होत्या. अटलांटात बसून केवळ बातमी ऐकलेल्यांच्या आठवणी मात्र बऱ्याच बदलल्या होत्या.