हेल्थ पॉलिसीचा 'बोनस' किंवा 'रिफंड' मिळणार असा फोन आला तर

आमच्या विम्याच्या ऑफिसात सारखं कुणी ना कुणी विचारतंच, "पॉलिसीवर बोनस सुटलाय म्हणून फोन आला, खरंय का हो?" म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

हेल्थ पॉलिसीचा बोनस रोख मिळत नाही. वर्षभर क्लेम नसला की कव्हर वाढतं, नाहीतर काही पॉलिस्यांत प्रीमियमला सूट मिळते. समजा कव्हर 5 लाख आणि बोनस वर्षाला 10 टक्के, तर तीन वर्षं क्लेम न घेतल्यावर कव्हर साडेसहा लाख होतं. वरचे दीड लाख कुठल्या खात्यात पडून नसतात, ते हॉस्पिटलचं बिल आलं तरच कामाचे. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये 'क्युम्युलेटिव्ह बोनस' अशी ओळ असते, ती बघा.

आता फोनवाला काय म्हणतो? "आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमचा 48,500 बोनस मंजूर झालाय, फक्त 18 टक्के जीएसटीचे 8,730 आधी भरा." आयआरडीएआय ही विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था आहे, ती पॉलिसी विकत नाही की बोनस वाटत नाही. आणि पैसे मिळायचेत तर आधी भरायचे कशाला? यूपीआयवर पैसे घ्यायलाही पिन लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणार हे पक्कं.

खरी चूक मात्र पुढे होते. लोक खात्री करतात, पण मेसेजमधल्याच नंबरवर नाहीतर नेटवर 'कस्टमर केअर' शोधून पहिला दिसेल त्या नंबरवर. तिथे तोच माणूस किंवा त्याचा भाऊबंद बसलेला असतो, तुमचं नाव, पॉलिसी नंबर, रिन्यूअलची तारीख सगळं बरोबर सांगतो आणि आपण फसतो. ही माहिती फुटलेल्या याद्यांतून मिळते, तो पुरावा नाही. त्यामुळे फोन ठेवा आणि पॉलिसीच्या कागदावर छापलेल्या नंबरवर स्वतः लावा. वेबसाइटसुद्धा कागदावरून बघून टाइप करा, लिंक दाबून नको.

खरा रिफंडही असतो की. प्रीमियम दोनदा कापला गेला, फ्री-लूकच्या 30 दिवसांत पॉलिसी परत केली किंवा मध्येच रद्द केली, तर. पण ते तुम्हालाच माहीत असतं, अर्ज तुम्हीच दिलेला असतो.

काही जण चिडतात की आम्ही फोनवर लगेच 'खरंय-खोटंय' सांगत नाही, पॉलिसी नंबर घेऊन कंपनीकडे विचारतो, वेळ लावतो. लागू दे, अंदाजाने उत्तर देणं आम्हाला जमत नाही. मेसेज फॉरवर्ड करू नका, स्क्रीनशॉट पाठवा, नाहीतर ती लिंक आमच्याकडून कुणाचं तरी बोट लागून उघडायची. पॉलिसी आमच्याकडून घेतलेली नसली तरी पाठवा, बघून देतो, आणि त्यातच कव्हर पुरेसं आहे का तेही सांगू.

पैसे गेलेच असतील तर आमच्याकडे यायच्या आधी 1930 वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाका, लगेच बँकेलाही कळवा. लवकर कळवलं तर पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता जास्त, म्हणून लाजत बसून रात्र घालवू नका. ट्रॅन्झॅक्शन नंबर हाताशी ठेवा, तो विचारतात.